बॉयलरच्या पोटातली तालीम

आयुष्यभर मी लिहिले ते शिफ्टच्या नोंदवहीत. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, कोणता पंप चालू आणि कोणता बंद, एवढाच माझा लेखनाचा अनुभव. अशा माणसाने उतारवयात स्वतःविषयी लिहायला बसावे हे धार्ष्ट्यच आहे, आणि त्याबद्दल मी वाचकांची आधीच क्षमा मागतो. सांगण्याजोगी गोष्टही एकच आहे, आणि ती पराक्रमाची नसून भीतीची आहे.

मला बंद जागेत बसवत नसे. बसचे दार लागले, रेल्वेच्या डब्यातल्या झडपा खाली ओढल्या गेल्या, की छातीवर कोणी पाट ठेवल्यासारखे होई. तळहात ओले होत, बोटांना मुंग्या येत, आणि आपण आता, याच क्षणी, सर्वांसमक्ष मरणार अशी खात्री पटे. नागपूरला विज्ञानाची पदवी घेईपर्यंत मी हे कुणाला कळू दिले नव्हते. दाराजवळची जागा धरायची, जमेल तेथे पायी जायचे, आणि लांबच्या लग्नाला जायची वेळ आली की पोट बिघडल्याचे सांगायचे, अशी माझी रीत होती.

नोकरी लागली ती भिलाईत, कारखाना उभा राहत असताना. जेथे आदल्या वर्षी धानाचे बांध होते तेथे पोलादी खांबांचे रान उगवत होते. सायकलवरून कामाला जाताना मी रोज एकदा तरी थांबून वर पाहत असे. एवढे उंच काही माणसाने उभे करावे आणि त्या माणसांत आपली गणती व्हावी, याचे मला मोठे नवल वाटे. माझी नेमणूक वीजघरात, बॉयलरवरचा शिकाऊ ऑपरेटर म्हणून होती. बॉयलर अजून जोडले जात होते. ते चालवायला शिकण्यासाठी आमच्यातल्या काहींना रशियाला पाठवायचे ठरले. तीन महिन्यांनी दिल्लीहून विमान होते. साहेबांनी कागद पुढे केला आणि मी मान खाली घालून सही केली. जो जाणार नाही त्याला बॉयलर चालवायला मिळणार नाही, हेही त्यांनी सांगितले होते.

घरी येऊन मी पत्नीला प्रथमच सगळे सांगितले. ती भाकरी थापता थापता ऐकत होती.

"लग्नाले दोन वर्सं झाली. मले आधी कावून नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

"आता ते लाज बी संग घेऊन जासान विमानात? तिचं तिकीट कोन काढन?" भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "तीन महिने हायेत. सवय करा. भाऊजीले सांगा, थे काय तं करतीन."

भाऊजी म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दुर्गला रेल्वेत गार्ड होता आणि आमच्या घरात रेल्वेबाहेरचे जग फारसे कुणाला मान्य नव्हते. त्याने लगेच बेत आखला. दर साप्ताहिक सुटीला मी दुर्गहून गोंदियाच्या पॅसेंजरने जायचे. पहिल्या फेरीला खिडकी उघडी ठेवायची, दुसऱ्या फेरीला बंद, आणि पुढे दरेकसाच्या बोगद्यातून झडप लावून पार व्हायचे. बेत चांगला होता. त्याने तो बिघडवला तो केवळ मायेपोटी.

"गाडी माही हाये," तो म्हणाला. "जीव घाबरला का उतर, अन् मांगं माह्या डब्यात ये. नियमात बसत नाई, पन सख्ख्या भावाले मी काय डब्यात मरू देऊ?"

पहिल्या फेरीला मी राजनांदगावला उतरलो आणि त्याच्या डब्यात जाऊन उघड्या दाराशी उभा राहिलो. हवा लागताच जिवात जीव आला. दुसऱ्या फेरीलाही राजनांदगाव. तिसऱ्या फेरीला गाडीने दुर्ग सोडले आणि मी राजनांदगावची वाट पाहू लागलो. चौथ्या वेळी मी थेट गार्डाच्या डब्यातच चढलो. भाऊ हिरवी झेंडी गुंडाळत म्हणाला, "असंच विमानात बी मांगं गार्ड बसते काय, पाह्य जरा विचारून." आम्ही दोघेही हसलो, परंतु घरी परतलो तेव्हा मला कळून चुकले होते, की महिना संपला आहे आणि माझी भीती पूर्वीपेक्षा वाढली आहे.

दुसऱ्या दिवशी बॉयलरच्या ड्रमची पाहणी होती. ड्रम म्हणजे बॉयलरच्या माथ्यावरची लांबलचक, जाड पोलादी टाकी. आत शिरायला दोन्ही टोकांना एकेक अंडाकृती भोक असते, ज्यातून माणूस कसाबसा सरपटत जातो. शिकाऊंनी आत जाऊन पाहावे असा हुकूम होता. माझी पाळी आली तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो.

तेथे एक वयस्क मिस्त्री होते. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. लोको शेडमध्ये इंजिनांचे बॉयलर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती आणि आता ते येथे नळ्या बसवीत होते. त्यांनी बाकीच्यांना पुढे पाठवले आणि माझ्याशेजारी उकिडवे बसले.

"बाबू, नाडी केवाचीच बांधून झाली तुमची."

मी कबूल केले. विमानाचे सांगितले, गाडीचे सांगितले, गार्डाच्या डब्याचेही सांगितले. ते जराही हसले नाहीत.

"भेव चढते," ते हाताने चढ दाखवीत म्हणाले, "वरतं टेकते, अन् मंग आपल्या आपनच उतरते. तुमी दरवेळेस चढतीवरच पळता. उतरतानी तुमी त्याले कदी पाह्यलंच नाई. शेडात नवे पोट्टे बॉयलरात जात. जो थरथरतानी मी बाहेर वढला, थो पुन्ना आत गेला नाई. ज्याले थंडा होयेपर्यंत आतच बसवला, थो दुसऱ्या दिवशी बिडी मांगत सोता आला."

"पण जबरदस्तीने?"

"जबरदस्तीनं नाई. थोडं थोडं, अन् तुमच्या मर्जीनं. पन जेवढं घेतलं तेवढं पुरं करा लागन."

त्या कामाची एक शिस्त होती. आत जाणाऱ्याने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला भोकाशेजारच्या खिळ्याला अडकवायचा. बिल्ला लटकत असेतो बाहेरच्या माणसाने जागा सोडायची नाही आणि थोड्या थोड्या वेळाने आतल्याला हाक मारायची. दोन्ही भोके उघडी आहेत, आत हवा खेळते आहे, हे पाहिल्यावाचून मिस्त्री कुणाला आत सोडत नसत. "हवा हाये, हे मी पाह्यलं," ते मला म्हणाले. "आता तुमची छाती नाई म्हनन. तिले म्हनू द्या."

साहेबांची परवानगी काढून जेवणाच्या सुटीत आमची तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी मी फक्त डोके आत घालून बसलो. मिस्त्री विचारीत, "भेव सोळा आण्यातलं किती?" मी म्हणे, "बारा." "बसा." थोड्या वेळाने पुन्हा तेच. दहा, पुन्हा अकरा, मग आठ. सहावर आले की ते म्हणत, "आता निघा. पळू नका, निघा." श्वास धरून ठेवू नका, तो हळूहळू बाहेर सोडा, एवढे एकच ते शिकवीत. दोन दिवसांनी कमरेपर्यंत, पुढच्या आठवड्यात ते माझ्यासोबत आत, त्यानंतर मी एकटा आणि ते बाहेरून बोलत. शेवटी मी एकटा, आणि त्यांनी न बोलण्याचा करार. नियमाची हाक तेवढी यायची. एक दिवस फार वाईट गेला. भीती पंधरावर चढली आणि उतरेचना. मी बाहेर येतो, बिल्ला काढा, असे ओरडून सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "काढतो. तुमी म्हनसान तवा काढतो. पन पयले वीस वेळा श्वास सोडा, मंग सांगा." मी वीस मोजले आणि मग काही सांगितले नाही.

त्या शेवटच्या दिवसांतलाच एक क्षण मला अजून आठवतो. भीती चार आण्यांवर उतरली आणि मला प्रथमच आजूबाजूला पाहावेसे वाटले. दिव्याच्या उजेडात नळ्यांच्या तोंडांच्या ओळीच्या ओळी, मधाच्या पोळ्यासारख्या नेमक्या, दूरवर अंधारात गेल्या होत्या. बाहेर कोठेतरी हातोडा पडे आणि सारा ड्रम घंटेसारखा घुमे. मनात आले, काही महिन्यांनी येथे पाणी उकळेल, त्या वाफेवर सारा कारखाना चालेल, आणि बॉयलर चालू असेतो कोणताही मनुष्य येथे बसू शकणार नाही. मी तेथे होतो. माझे हात आपोआप जोडले गेले.

त्यानंतर पॅसेंजरचा बेत नव्याने आखला. भावाला पत्नीने बजावले, "भाऊजी, यावेळेस यायले तुमच्या डब्यात घ्यान तं पाहा." तो बिचारा राजनांदगावला फलाटावर पाठ करून उभा राहिला. मी खिडकी लावून बसलो, भीती वर टेकली आणि डोंगरगडच्या अलीकडेच उतरू लागली. दरेकसाचा बोगदा आला तेव्हा डब्यात धूर आणि काळोख होता, आणि मी शेजारच्या आजींचे गाठोडे धरून बसलो होतो. बोगदा संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "सोड ना बाबू, त्यात पापड हायेत."

विमानातून एकदा जाऊन आलेल्या एका सहकाऱ्याकडून मी आधीच सारे विचारून घेतले: कानांना दडे बसतात, वर चढल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो, पंख हलताना दिसतात, हे सारे ठीक असल्याचे चिन्ह. ते एका कागदावर उतरवले. सोबतच्यांपैकी एकाला माझी अवस्था सांगून ठेवली आणि विनंती केली, की धीर देऊ नकोस, फक्त अधूनमधून किती आणे ते विचार.

दिल्लीला विमानाचे दार लागले. तो आवाज मी ऐकला आणि चौदा आणे म्हटले. सोबत्याने दाराजवळची जागा देऊ केली. मी नको म्हटले. येथे राजनांदगाव नव्हते. चौदा, चौदा, पंधरा. इंजिनाचा आवाज बदलला, कानांना दडे बसले, कागदावर होते तसेच. मी श्वास सोडत राहिलो. किती वेळ गेला कळले नाही, पण तेरा झाले, मग अकरा, मग सोबत्याने विचारले आणि मी उत्तर दिले नाही, कारण मी खिडकीतून पाहत होतो.

खाली बर्फाचे डोंगर होते. एक नव्हे, दृष्टी पोचेल तेथवर डोंगरांमागे डोंगर, सकाळच्या उन्हात उजळलेले, आणि त्यांच्यावर मनुष्याची एकही खूण नाही. आमच्या विमानाची इवलीशी सावली त्या शुभ्रतेवरून चढत होती, उतरत होती. एवढ्या मोठ्या जगापुढे माझी छाती आवळली होती खरी, पण ती भीतीने की आणखी कशाने, हे मला तेव्हा सांगता आले नसते. सोबत्याने पुन्हा विचारले, "अरे, किती?" मी म्हणालो, "थांब जरा, पाहू दे."

भीती कायमची गेली असे मी म्हणणार नाही. परतीच्या प्रवासात ती पुन्हा बारावर चढली आणि पुन्हा उतरली. पुढे मी तो बॉयलर निवृत्त होईपर्यंत चालवला. सही करून मी घरी गप्प बसलो असतो, तर ते डोंगर माझ्यावाचून तसेच राहिले असते, आणि त्यांचे काहीच बिघडले नसते. बिघडले असते ते माझे.

वाचकहो, तुमचा कोणता प्रवास राहून गेला आहे?