ऑप्शनला टाकलेलं पान

जळकोटच्या एका शाळेत मी बावीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवतो. शिकवतो हा शब्द मीच माझ्यासाठी वापरतो. खरं काय ते पुढं येईलच. माझा आवाज मात्र भारदस्त आहे. मी वर्गात पाठ वाचायला लागलो की शेजारच्या वर्गाचाही पाठ होतो, अशी माझी ख्याती आहे. ती ख्याती आहे की तक्रार, हे मी कधी विचारलं नाही.

यंदा आमच्या शाळेची एकच मुलगी विज्ञानात नापास झाली, तनुजा. बाकी सगळे विषय निघाले, विज्ञान राहिलं. तिला नांदेडला पॉलिटेक्निकला जायचं होतं. तिच्या वडिलांनी एका वाक्यात हिशेब संपवला होता, "पुरवणीत निघाली तर नांदेड, न्हाई तर घर." आणि निकालानंतर लगेच तिला देगलूरला मावशीकडं पाठवून दिलं. मावशीचं किराणा दुकान, मावशीच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गल्ल्यावर हिला बसवलं. परीक्षेला अठरा दिवस उरले होते. देगलूरहून रोज जळकोटला येणं काही जमण्यासारखं नव्हतं.

मुख्याध्यापक म्हणाले, "रामलिंग सर, पोरीला व्हिडिओ करून पाठवा. पुस्तकाच्या पानांचे फोटो, वर तुमचा आवाज, महत्त्वाचं तेवढं रंगवायचं. आजकाल सगळे करतात."

मी म्हणालो, "हातचा मळ आहे."

पहिल्या दिवशी मी गच्चीवर उन्हात पुस्तक ठेवून फोटो काढले. प्रत्येक फोटोत 'भिंगे' हा पाठ होता आणि त्यावर माझ्या डोक्याची सावली होती. टक्कल सावलीतसुद्धा ओळखू येतं, हे मला त्या दिवशी कळलं. नववीतली माझी मुलगी स्वप्नाली वर आली आणि म्हणाली, "अप्पा, उन्हात न्हाई, उजेडात काढा." तिनं पुस्तक ओसरीत आणलं, पान उडू नये म्हणून कडेला दोन वाट्या ठेवल्या, मोबाईल पानाच्या बरोबर वर आडवा धरला आणि कडा कापून फोटो सरळ केला. अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं. मी मान डोलावली, जणू तिची परीक्षाच घेत होतो.

मग आवाज. पंखा बंद केला, कारण पंख्याचा घरघराट रेकॉर्डिंगमध्ये विमानासारखा येतो. जूनमधला पंखा बंद करून मी गाद्यांच्या ढिगाशेजारी बसलो आणि घाम पुसत पाठ वाचून काढला. तीन वेळा कुकरच्या शिट्ट्या आल्या. तिसऱ्या वेळी मी स्वयंपाकघराकडं बघून जे बोललो, तेही रेकॉर्ड झालं. ते स्वप्नालीनं कापलं.

मग पिवळी पट्टी. ॲपमध्ये पानावर पिवळा चौकोन टाकायचा, तो इतका पातळ करायचा की खालची अक्षरं दिसावीत, आणि आवाज ज्या ओळीवर येतो तेवढ्याच वेळापुरता तो ठेवायचा. मी जोमानं पट्ट्या टाकत गेलो. व्याख्या महत्त्वाची, आकृती महत्त्वाची, आकृतीखालचं नाव महत्त्वाचं. कोणती ओळ बिनमहत्त्वाची म्हणायची? बेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ झाला. तो देगलूरला पोचेपर्यंत माझा दिवसाचा नेट संपला.

संध्याकाळी तनुजाचा आवाजातला निरोप आला. मागं गिऱ्हाईक साखर मागत होतं.

"सर, व्हिडिओ बघितला. पर समदं पिवळंच हाय. आता ह्यातलं कोणतं वाचू?"

मला राग आला. बावीस वर्षं वर्गात कुणी असं विचारलं नव्हतं. स्वप्नाली शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "अप्पा, खरंच की. आन् पानावर जे लिवलंय तेच तुम्ही वाचून राहिलात. ते तर तिला दिसतंच. तुम्ही काय सांगितलं?"

मी तिला चहा आणायला पाठवलं. बाप म्हणून तेवढा अधिकार अजून शिल्लक होता.

पण चहा पिता पिता मी माझाच व्हिडिओ लावून बघितला. एक माणूस खणखणीत आवाजात छापील पान वाचतोय, मध्येच "समजलं का?" म्हणतोय आणि समोर कुणी नसताना "छान" म्हणतोय. वर्गातही मी असंच करत आलो आहे. वर्गात पन्नास पोरं मान हलवतात, म्हणून ते शिकवण्यासारखं दिसतं. मोबाईल मान हलवत नाही.

दुसरा व्हिडिओ मी आठ मिनिटांचा केला. एका पानावर तीनच पट्ट्या. निकटदृष्टी असली की जवळचं दिसतं, लांबचं धूसर, म्हणून चष्म्याला अंतर्गोल भिंग लागतं. ते वाचून न दाखवता मी सांगितलं की माझे सासरे एसटीची पाटी गाडी अंगावर आल्याशिवाय वाचू शकत नाहीत, पण हातातलं तिकीट बिनचष्म्याचं वाचतात, तेच हे. तनुजाचं उत्तर आलं, "हे कळलं सर." दोन शब्दांनी मी इतका फुगलो की रात्री भाकरी एक जास्त खाल्ली.

आठव्या दिवशी तिचा निरोप आला, "सर, भिंगाच्या पाठात मधलं एक पान न्हाई आलं. तुमचा फोटो राहिला का?"

फोटो राहिला नव्हता. मीच तो काढला नव्हता. त्या पानावर भिंगाचं सूत्र आणि त्यावरची गणितं आहेत. वर्गात ते पान आलं की मी दरवर्षी एकच वाक्य बोलतो, "हे ऑप्शनला टाका. वेळखाऊ आहे." पोरं खूश होतात, मीही खूश होतो. वर्गात पान उलटलं की संपतं. व्हिडिओत मात्र एक फोटो गेला आणि पुढचा आला की मधलं भगदाड देगलूरच्या किराणा दुकानातूनही दिसतं.

मी फोटो काढला. वस्तू भिंगापासून पंधरा सेंटिमीटरवर, बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर दहा. प्रतिमा किती लांब पडेल? मी आधी आवाज रेकॉर्ड केला. सूत्रात आकडे घातले, बेरीज केली आणि ठासून सांगितलं, "म्हणून उत्तर सहा सेंटिमीटर." मग पट्टी टाकायला बसलो. उत्तरावर नेमकी पिवळी पट्टी टाकली. पट्टीखाली छापलेलं होतं, तीस.

पडद्यावर तीस चमकतोय आणि माझा भारदस्त आवाज सहा म्हणतोय.

आता जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी फोटो खालून कापला, उत्तराची ओळच काढून टाकली आणि व्हिडिओ पुन्हा चालवला. सहा म्हणताना आता खाली काहीच दिसत नव्हतं. बोट पाठवण्याच्या बटणावर होतं. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांना मी नेहमी म्हणतो, "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार?" त्या दिवशी आड कोणता आणि पोहरा कोणता, ते मला पहिल्यांदा नीट कळलं. मी पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उज्ज्वला मॅडमकडं गेलो. मॅडम गणित शिकवतात, नांदेडच्या आहेत, वयानं माझ्या निम्म्या. मी म्हणालो, "एका विद्यार्थ्याची शंका आहे." विद्यार्थी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, हे सांगितलं नाही.

त्यांनी वही बघितली आणि विचारलं, "सर, हे पंधरा अधिक का घेतलं?"

"कारण अंतर आहे. अंतर उणे कसं असेल?"

"तुम्ही आठवीत आलेख काढला होता ना? शून्याच्या उजवीकडं अधिक, डावीकडं उणे. भिंगाच्या मध्यावर ते शून्य ठेवा. वस्तू कुठं आहे?"

"डावीकडं."

"मग उणे पंधरा. बस एवढंच. आता करा."

मी केलं. एक छेद दहामधून एक छेद पंधरा गेले, उरले एक छेद तीस. तीस आलं, आणि अधिक आलं, म्हणजे प्रतिमा उजवीकडं. मला वाटायचं की अधिक-उणे चिन्हांचा तो नियम म्हणजे पाठ करायची चार वाक्यं. तो नियमच नव्हता, आठवीतल्या आलेखाची रेघ होती. मॅडमसमोर मला भरून आलं आणि मी खोकला आल्यासारखं केलं.

मॅडम वही परत देताना म्हणाल्या, "विद्यार्थ्याला सांगा, चूक सगळ्यांची होते." त्यांना सगळं कळलं होतं.

नवा व्हिडिओ सहा मिनिटांचा झाला. पान पूर्ण घेतलं, खालच्या उत्तरासकट. आकृतीवर बोटानं एक आडवी रेघ ओढली, भिंगाच्या मध्यावर शून्य लिहिलं. सगळ्या पानावर एकच पट्टी टाकली, उणे पंधरावर, आणि तेवढंच मोठं करून दाखवलं. सुरुवातीला म्हणालो, "हे पान मी वर्गात ऑप्शनला टाकायला सांगितलं होतं. टाकू नका." का सांगितलं होतं, ते मात्र बोललो नाही. तेवढं धैर्य त्या दिवशी नव्हतं.

परीक्षा झाली. पुरवणीचा निकाल लागला त्या दुपारी तनुजाचा फोन आला.

"सर, निघाले. नांदेडला चालले मी. मामा फॉर्म भरून राहिलेत."

मी अभिनंदन केलं. मला खरंच फार आनंद झाला होता, आणि तो आवाजात लपवता आला नाही.

"सर, भिंगाचं गणित आलं होतं पेपरात. सोडवलं मी. मार्चमध्ये बी आलं होतं. तवा सोडून दिलं होतं." मग म्हणाली, "सर, एक विचारू का? इतकं सोपं होतं, तर वर्गात का न्हाई सांगितलं?"

वेळ नव्हता म्हणता आलं असतं. अभ्यासक्रम मोठा आहे म्हणता आलं असतं. ही दोन्ही उत्तरं मला तोंडपाठ आहेत.

मी म्हणालो, "मलाच येत नव्हतं, तनुजा."

मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल आणि ते मला ऐकून घ्यावं लागेल.

"आस्सं हाय व्हय," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका झाला होता. "मला वाटलं, मलाच डोस्कं न्हाई."