टॉनिकची बाटली

अमरावतीच्या क्लिनिकात आमचं दुसरं आयव्हीएफ फसलं आणि काउन्सेलर बाईंनी लगेच रंगीत पत्रक पुढं केलं. गर्भ आत सोडण्याच्या आधीच्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर नळीनं खरवडायचं, नंतर माझ्याच रक्तातल्या प्लेटलेट आत सोडायच्या. वर लिहिलेलं, 'गर्भ हमखास रुजणार.'

मी डॉक्टरांना पुरावा विचारला.

"खरवडण्याचा मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. प्लेटलेटचंही नक्की नाही. पण पेशंटच मागतात."

पत्रक छापायचं यांनी, आणि मागायचं आम्ही! शिसारी आली मला.

आम्ही भाजीपाला पिकवणारे. युरियासोबत पिकाच्या टॉनिकची नको असलेली बाटली गळ्यात मारणारा खताचा दुकानदार आमच्या ओळखीचा.

नवरा उठला. "साहेब, तो दुकानदार निदान वावरात ओतायले सांगते. तुमी तर हिच्या पोटात ओतून राहिले."