बंद न केलेला पास

भिंगारहून सुप्याच्या एमआयडीसीत जाणारी आमची गाडी खाजगी होती. सकाळी सहाला निघायची आणि तिच्यात पहिल्या दोन रांगा बायकांच्या. म्हणजे आठच जागा. त्यांतली एक नऊ वर्षं माझी होती. कंपनीच्या लॅबमध्ये मी रसायनं तपासायचे, आणि घरी आल्यावर नवऱ्याचा मूड. दुसरं काम जास्त कठीण होतं.

आधी पास कागदाचा असायचा. महिना संपला की गाडीबरोबरच्या कंडक्टरला पैसे द्यायचे, तो नवा पास द्यायचा. मग गाडीच्या मालकाने ॲप काढलं. पास मोबाईलवर आला, दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे जाऊन आपोआप पुढे चालू व्हायला लागला. आमच्या घरात मोबाईलवरचे सगळे व्यवहार नवरा बघतो. विजेचं बिल, गॅस, माझा विमासुद्धा. मला जमत नाही म्हणून नाही, त्याला आवडतं म्हणून. तेव्हा पासही त्याच्याच नंबरवरून निघाला, प्रवासी म्हणून माझं नाव घालून. ॲप त्याच्या फोनमध्ये, पैशाची परवानगी त्याच्या खात्याला, आणि जागेवर बसणार मी. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की बऱ्याच गोष्टी वावग्या वाटायच्या थांबतात.

आमच्या गाडीतल्या बायकांची एक रीत होती. एखादी नोकरी सोडून चालली की तिची जागा कुणाला जाणार हे आम्ही ठरवायचो, मालक नाही. जी जास्त दिवस थांबली असेल, जिला जास्त गरज असेल, तिला. शेवटच्या दिवशी जाणारीने नवीला स्वतःच्या हाताने त्या जागेवर बसवायचं, ओटी भरायची, बाकीच्यांना पेढे द्यायचे. कंडक्टरही एक पेढा खायचा आणि नव्या बाईचं नाव लक्षात ठेवायचा. कागदी पासाच्या काळात एवढं पुरे व्हायचं. पेढे खाल्ले म्हणजे जागा दिली. ॲप आल्यावरही आम्ही तसंच समजत राहिलो.

मला नाशिकला नोकरी मिळाली ती पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना. पद मोठं, लॅब माझ्या हाताखाली. मुलगा नोकरीला बंगळुरूला, घरात अडकवणारं कुणी नाही. नवरा लष्कराच्या ऑफिसात नागरी क्लार्क, त्याची बदली व्हायची नाही. मी वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये राहायचं आणि शनिवारी घरी यायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे मी बोलले आणि तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याला मी होकार समजले. समजायला नको होतं, पण गरजवंताला अक्कल नसते.

माझ्या जागेसाठी थांबलेली मुलगी आमच्याच गल्लीतली. मुलगी म्हणजे दोन लेकरांची आई, पण दिसायची मुलगीच. बी.एस्सी. झालेली, सुप्याच्या एका औषध कंपनीत तिला पॅकिंगच्या सुपरवायझरचं काम मिळालं होतं. सासरच्यांनी एका अटीवर परवानगी दिली होती. याच गाडीने जायचं, बायकांच्या रांगेत बसून जायचं, याच गाडीने परत यायचं. एसटी नको, जीप तर नकोच. सासूने ही अट घातली तेव्हा तिला बहुधा ठाऊक असावं की या गाडीत बायकांची जागा वर्षवर्ष सुटत नाही. म्हणून माझी जागा सुटणार हे ऐकून ती मुलगी आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडली होती. तिला दुसरं कुठलंच दार नव्हतं.

मी तिला माझ्या जागेवर बसवलं. नारळ, खण, सगळं केलं. बायका हसल्या, कंडक्टरने पेढा खाल्ला. घरी येऊन मी नवऱ्याला पास बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, "तू नको काळजी करू." नाशिकला जाताना बस स्टँडवर पुन्हा विचारलं, पास बंद केलात ना? तो म्हणाला, "तुझं तू बघ, इथलं मी बघतो." माझा नवरा खोटं कधीच बोलत नाही. तो असं बोलतो की खोटं आपण स्वतःच स्वतःला सांगावं.

एक तारखेला मी लॅबमध्ये नव्या लोकांची ओळख करून घेत होते तेव्हा तिचा फोन आला. ती केडगावच्या पुलाजवळ उभी होती. गाडीतून उतरवलं होतं. तिने ॲपवर पास काढायचा प्रयत्न केला होता तेव्हा गाडी भरलेली दाखवत होती. तिला वाटलं, एक तारखेला आपोआप उघडेल. गाडीत चढली तर कंडक्टरच्या मोबाईलवर त्या जागेवर माझंच नाव, पास चालू. त्याने बायकांच्या आग्रहाखातर केडगावपर्यंत आणलं, पण पुढे मालकाचा माणूस तपासायला चढतो, आणि यादीत नसलेलं माणूस सापडलं तर कंडक्टर घरी जातो. बिचाऱ्याचा दोष नव्हता. पेढा खाल्ला म्हणून त्याने नोकरी का घालवावी?

मी माळीवाड्याजवळच्या गाडीच्या ऑफिसला फोन लावला. तिथला माणूस सभ्य होता, त्यामुळे जास्त राग आला. त्याने शांतपणे समजावलं. पास ज्या नंबरवरून काढलाय त्याच नंबरवरून बंद होईल. बंद केला तरी या महिन्याचा चालूच राहणार, फक्त पुढच्या महिन्याला नवा होणार नाही. एकाचा पास दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आणि खात्यातून पैसे कापायची जी परवानगी दिलीय तीही काढून घ्या, मोबाईलच्या पेमेंट ॲपमध्ये ऑटोपे म्हणून असतं तिथे, ज्याचं खातं त्यालाच पिन टाकून ती रद्द करता येते. मी विचारलं, बंद करायचं राहून गेलं तर माणसाला कळणार कसं? तो म्हणाला, "मॅडम, पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो की. ज्यांचं खातं त्यांना आला असेल."

मी फोन ठेवला. आदल्या दिवशी मेसेज आला होता. माझा नवरा दुधाच्या पिशवीवरची तारीखही दोनदा वाचतो.

एक वाट उरली होती. ॲपमध्ये "उद्या येणार नाही" असं एक बटण होतं. ते दाबलं की त्या दिवसापुरती जागा मोकळी व्हायची आणि कुणीही तिकीट काढू शकायचं. मी नवऱ्याला फोन करून म्हटलं, रोज संध्याकाळी तेवढं दाबा, आणि दाबण्याआधी तिला कळवा, म्हणजे ती लगेच तिकीट काढेल. पहिल्या दिवशी त्याने दाबलं, कळवलं नाही. जागा कुण्या भलत्याच बाईने घेतली. दुसऱ्या दिवशी दाबायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी मीच सांगायचं सोडलं, कारण त्याच्या आवाजात मला समाधान ऐकू यायला लागलं होतं.

ते दोन दिवस ती मुलगी एसटीने गेली, घरी न सांगता. संध्याकाळी सुप्याच्या फाट्यावर अंधारात एसटीची वाट बघत उभी असताना त्यांच्या भावकीतल्या कुणीतरी तिला पाहिलं. बातमी तिच्याआधी घरी पोचली.

शनिवारी घरी गेले. तो बाहेरच्या खोलीत चहा पीत होता. चपला काढायच्या आधीच मी त्याच्याकडे फोन मागितला. त्याने दिला. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. मेसेज होता. उघडून वाचलेला, न पुसलेला.

मी विचारलं, "का नाही बंद केलात?"

तो कप खाली ठेवून म्हणाला, "महिना-दोन महिन्यांत परत येशील असं वाटलं. मग जागा गेली असती तर पंचाईत. तुझ्यासाठीच ठेवली."

इतकी वर्षं मी या माणसाचे डबे भरले, त्याच्या आईची शेवटची दोन वर्षं उशापायथ्याशी काढली, आणि त्याला माझ्याबद्दल ठाम खात्री काय होती, तर मी हरून परत येईन. तेवढ्याच खात्रीने तो दर महिन्याला माझ्या हरण्याची जागा राखून ठेवणार होता. आणि वर त्याला मी माया म्हणावं. मला रडू आलं नाही. मला त्याचा तिरस्कार वाटला, आणि असं वाटलं की तो तिरस्कार बराच काळ तिथेच होता, आज फक्त नीट दिसला.

मी त्याच्याशेजारी बसून पेमेंट ॲपमधलं ऑटोपे उघडलं. गाडीचं नाव होतं, खाली रद्द करायची खूण. फोन त्याच्यासमोर धरला आणि पिन टाकायला सांगितलं. तो म्हणाला, "आणि उद्या खरंच यायची वेळ आली तर?"

"तर उभी राहून येईन," मी म्हटलं.

त्याने पिन टाकला. मग गाडीच्या ॲपमधूनही पुढच्या महिन्याचा पास मी त्याच्यासमोर बंद केला. दोन मिनिटांचं काम होतं.

लगेच त्या मुलीला फोन लावला. महिनाअखेरीला जागा सुटेल, तोवर कंपनीशी बोलून बघ, मीही बोलते, असं सांगायचं होतं. फोन सासूने उचलला. मी सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "आता न्हाई जायची ती. नोकरी सोडली तिनं. आमी नको म्हनलो असतो तर आमीच वाईट ठरलो असतो, पोरगी डोळ्यांत पानी आनून बसली असती. तसं काई करायची येळच न्हाई आली. तुमच्या घरच्या मालकान्ला सांगा, लई उपकार झाले."

मागे लेकरू रडत होतं आणि त्याला गप्प करणारा त्या मुलीचा आवाज येत होता. मी तिला बोलवा म्हटलं. सासू म्हणाली, ती कामात हाय.

जेवताना मी नवऱ्याला निरोप दिला, शब्दाला शब्द. वाटलं होतं, घास तरी अडेल. त्याने ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाला, "बघ. लोकांना कळतं."