मोरीत न सोडलेला निळा रंग

वाटूरच्या एका कापड दुकानदाराकडे अक्कल सोडून सगळं होतं. जालन्यातल्या माझ्या रंगाच्या कारखान्यात त्यानं सुती तागे गडद निळे करून घेतले, शर्ट शिवून विकले आणि सहा महिन्यांनी एक विटका शर्ट माझ्यापुढं आपटला.

"शिवणीचा धागा बघा, जसाच्या तसा. कापडाचाच रंग उडाला. तुमचा रंग नकली!"

धागा पॉलिएस्टरचा होता. त्याचा डिस्पर्स रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बंद भांड्यात एकशेतीस अंशांवर धागा सैल होतो, रंग आत शिरतो आणि धागा निवला की आतच कोंडला जातो. घरच्या बादलीत तो सुटत नाही. सुती कापडाचा रिॲक्टिव्ह रंग सोडा घातल्यावर सुताशी जोडला जातो. पण थोडा रंग पाण्याशीच जुळून वाया जातो आणि कापडात नुसता बसून राहतो. तो साबणाच्या उकळत्या पाण्यात काढावाच लागतो, नाहीतर धुण्यागणिक उतरतो. जोडलेला रंगही ऊन आणि ब्लीच हळूहळू खातंच.

हे मी त्या शहाण्याला तागे रंगवतानाच सांगितलं होतं. पण मोरीत निळं पाणी जाताना पाहून तो ओरडला होता, "बस करा, माझा रंग वाहून जाऊन राह्यला! बिलकुल उकळू नका."

"मंग तो वाचवलेला रंग कुठं गेला, शेठ?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकांच्या बनियनला लागला," तो पुटपुटला.

मी तोंडावर हसलो त्याच्या. त्याचं ऐकून साबणाच्या पाण्याखालची भट्टी विझवणारा मात्र मीच होतो.