सरळ झालेली तार

शमीम परकार मॅडम आम्हाला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला व्हायब्रेशन्स शिकवायच्या. मूळच्या म्हसळ्याच्या, राहायला जुईनगरला. नेरूळच्या आमच्या कॉलेजात सहा वर्षं त्या तात्पुरत्या नेमणुकीवर होत्या. एप्रिलअखेर नोकरी संपायची, जुलैत नवं पत्र यायचं. १९९६ साली ती जागा कायमची भरायचं ठरलं. प्राचार्यांनी त्यांना सांगून टाकलं होतं, निवड झाली तर कायम, नाही तर आता पत्र नाही.

निवड समितीसमोर त्यांना आमच्याच वर्गावर तास घ्यायचा होता. बाहेरून आलेले तज्ज्ञ हौसेराव इंगवले पहिल्या बाकावर बसले. बसता बसता म्हणाले, "मेकॅनिकलला बाई? वर्कशॉपमध्ये ओढणी अडकत नाही का?" वर्ग हसला.

मॅडमनी फळ्यावर तार काढली. दोन्ही टोकं पक्की बांधलेली, मधोमध चिमटीत धरून उचललेली. झाला त्रिकोण. खाली लिहिलं, सुरुवातीचा वेग शून्य. तार सोडली की पुढे तिचा आकार काय होतो, एवढाच प्रश्न.

मग त्यांनी प्रोजेक्टरवर दोन पारदर्शक कागद एकावर एक ठेवले. दोन्हींवर तोच त्रिकोण, पण निम्म्या उंचीचा. तारेच्या टोकांपलीकडे तोच त्रिकोण उलटा, पुन्हा सुलटा, असा काढत नेलेला.

"हे दोन आकार सारख्याच वेगानं विरुद्ध दिशांना सरकतात," त्या म्हणाल्या. "कुठल्याही क्षणी दोघांच्या उंचीची बेरीज करा, तार तिथं असते. टोकांपाशी बेरीज नेहमी शून्य येते, कारण टोकं बांधलेली आहेत."

त्यांनी एक कागद डावीकडे, एक उजवीकडे सरकवला, प्रत्येकी तारेच्या निम्म्या लांबीइतका. आता एका कागदावर जेवढं वर, तेवढंच दुसऱ्यावर खाली. बेरीज सगळीकडे शून्य. तार सरळ.

"थांबा," इंगवले म्हणाले. "सरळ झाली ना? मग आता पुढे काय?"

"पुढे ती खाली जाते, सर. खाली तेवढाच त्रिकोण होतो."

"कशानं जाते? ढकलतं कोण? तुमचे मियाँ?"

या वेळी प्राचार्यही हसले.

"तिला त्या क्षणी वेग असतो, सर. तार सरळ आहे, पण टोकं सोडून तिचा प्रत्येक बिंदू सारख्याच वेगानं खाली चाललाय."

इंगवले उठले आणि फळ्यावर बोट आपटलं. "हे काय लिहिलंय? वेग शून्य. तुमच्याच अक्षरात. दहा मिनिटांत दिलेली माहिती बदलता?"

"तो सोडतानाचा वेग आहे, सर. नंतर तो शून्य राहत नाही. तसा राहिला तर तार हलणारच नाही."

"मला शिकवू नका." ते वर्गाकडे वळले. "तुमच्यातला हुशार कोण?"

सगळ्यांनी स्वानंदकडे पाहिलं. हीच बेरीज आदल्या आठवड्यात त्यानं आम्हाला कँटीनमध्ये समजावली होती.

"सांग बाळा. सरळ तारेचा वेग किती?"

स्वानंदनं मॅडमकडे पाहिलं. त्या कागद हातात धरून उभ्या होत्या.

"शून्य, सर," तो म्हणाला.

समितीनं शेरा मारला: विषयाचं मूलभूत ज्ञान अपुरं. जागा दुसऱ्याला गेली.

संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये मॅडमनी स्वानंदला थांबवलं. आम्ही चार-पाच जण मागे होतो.

"तुला येत होतं ना रे?"

"हो मॅडम."

"मग?"

"मॅडम, गुरुवारी ओरलला एक्सटर्नल परीक्षक इंगवले सरच आहेत."

"जा. लोकल चुकेल तुमची," मॅडम म्हणाल्या.

एप्रिल संपेपर्यंत त्या नोकरीत होत्या, त्यामुळे ओरलला कॉलेजच्या इंटर्नल परीक्षक म्हणून त्यांनाच बसावं लागलं. इंगवले खुर्चीत रेलून सगळ्यांना तोच एक, सरळ तारेच्या वेगाचा प्रश्न विचारत होते. स्वानंद बाहेर आला आणि म्हणाला, "शून्य सांगा, सुटाल."

माझा नंबर अकरावा. मी आत गेलो. मॅडम टेबलाच्या कडेला गुणपत्रिका पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मी भिंतीकडे बघत शून्य म्हणालो.

"शाब्बास," इंगवले म्हणाले. "बघा मॅडम, शिकवणारीला येत नाही ते पोरांना येतं. पंचवीसपैकी बावीस लिहा याला."

मॅडमनी माझ्या नावापुढे बावीस लिहिले, सही केली आणि पुढच्याला हाक मारली.