सरसेनापतींच्या मोजडीतला खडा

समस्त कोल्हापूरकरांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, नव्वदचं दशक सरता सरता आमच्या हौशी नाट्यमंडळाचे सरसेनापती एका खड्यामुळे जायबंदी झाले. खडा शेवटपर्यंत सापडला नाही. सरसेनापती मीच होतो. एरवी शाळेत भूगोल शिकवायचो.

भूमिकेसाठी मला पुढून निमुळत्या, पातळ तळाच्या मोजड्या मिळाल्या होत्या. महिनाभर तालमी झाल्या आणि तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मुळाशी आग व्हायला लागली. पावलाखाली खडा आल्यासारखं वाटायचं. मी भर दरबारात मोजडी काढून झटकायचो. आत काही नसायचं. बोटं चोळली की बरं वाटायचं, मोजडी घातली की पुन्हा खडा.

दिग्दर्शक एसटीत कंडक्टर होते. म्हणाले, "शेवटच्या प्रवेशात पंधरा मिनिटं ताठ उभं राहायचंय. जमत न्हाय तर सांगा, सरदार नंबर दोन तयार हाय." सरदार नंबर दोनचं काम करणारा माझ्याच शाळेत चित्रकला शिकवायचा आणि माझे संवाद माझ्याआधी पाठ करून बसला होता.

हाडांच्या डॉक्टरांनी पाऊल दोन्ही बाजूंनी आवळलं, खालून अंगठ्यानं दाबलं. आत कट्कन काहीतरी सरकलं आणि मी नाटकाला शोभेल असा विव्हळलो.

"हाडांच्या मधली नस जाड झालीय," डॉक्टर म्हणाले. "निमुळत्या जोड्यात हाडं तिला चेपतात. पुढून रुंद, सपाट, जाड तळाचा बूट घाला. आत छोटी गादी लावा, दुखतं त्याच्या थोडी मागं."

मी मन लावून ऐकलं. फक्त शेवटचे चार शब्द सोडून, कारण तेव्हा मी लंगडण्याचा अभिनय मनात बसवत होतो.

रुंद, पांढरे कापडी बूट आणले. कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या काकांनी गादी बरोबर बसवून दिली. ती दुखऱ्या जागेच्या मागं आहे हे पाहून मला त्यांची कीव आली. घरी येऊन मी ती उचकटून नेमकी दुखतं तिथं चिकटवली. दुसऱ्या दिवशी आग दुप्पट.

काकांनी बूट हातात घेतला, माझ्याकडं पाहिलं. "सर, खड्यावर उशी ठिवून काय हुतंय? मागनं उचललं की हाडं फाकत्यात, नस मोकळी हुतीया. शाळंत काय शिकिवता?"

"भूगोल."

"तरीच."

गादी मागं सरकली. आठवड्याभरात मी पंधरा मिनिटं उभा राहू लागलो. दिग्दर्शकांनी बुटांना जरीची पट्टी चिकटवायची परवानगी दिली, चित्रकलेच्या सरांचं तोंड उतरलं.

प्रयोगाला नाट्यगृह भरलेलं. शेवटच्या प्रवेशात मी तलवार उपसून ठाम उभा होतो, पाऊल गप्प होतं. तेवढ्यात उजव्या बुटाची जरीची पट्टी सुटून खाली पडली आणि पांढरा कापडी बूट उघडा पडला. तिसऱ्या रांगेतून एका आजोबांचा आवाज आला:

"आरं, सेनापती पीटीच्या तासाला चाललाय की."