वरचे तीनशे एक्क्याऐंशी

म्हशाजवळच्या एका पाड्यावर भिमी बचत गटाची अध्यक्ष होती. गटाचे एक लाख रुपये तिने मुरबाडच्या एका पतपेढीत वर्षभरासाठी ठेवले. बाहेर फलक होता: व्याज नऊ टक्के, दरमहा चक्रवाढ, वर्षाचा प्रत्यक्ष परतावा ९.३८ टक्के, म्हणजे लाखाला ९,३८१ रुपये. तेच तिने बायांना सांगितलं होतं.

वर्ष संपलं, तेव्हा हिशेबात व्याज नऊ हजारच निघालं.

“वरचे तीनशे एक्क्याऐंशी कुठं गेले गो भिमे?” जानीने भर बैठकीत विचारलं. बाकीच्या बाया खाली बघत राहिल्या. भिमीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ती जानीला घेऊनच पतपेढीत गेली.

“तुम्ही दर महिन्याला साडेसातशे व्याज काढून नेलंत ना?” कारकून म्हणाला.

“नेलं. गटाच्या शिवणाच्या खोलीचं भाडं त्यातनंच दिलं,” भिमी म्हणाली.

“मग व्याजावर व्याज कुठून चढणार? ते खात्यातच राहिलं असतं, तर नऊ हजार तीनशे एक्क्याऐंशी झाले असते. दरमहा उचललं की नऊच टक्के.”

“मग ठेव ठेवताना का नाय सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही.”

जीपमधून परतताना जानी म्हणाली, “समजलं गो आता.” चुकलं, असं मात्र तिने म्हटलं नाही. संध्याकाळी भिमीने घरोघरी जाऊन तेच पुन्हा पुन्हा समजावलं. तरी दोघीतिघींनी नुसतीच मान हलवली.